कोलेस्टेरॉलच्या गोळ्या : जोर, वेळ आणि किंमत
(न्यासाच्या महोत्सवी व्याख्यानमालेत औषध-साहाय्य कक्षाच्या वतीने दिलेले भाषण)



व्याख्यानमालेत आधी होऊन गेलेले वक्ते मोठे होते. त्यांनी होळकरांचे इंदूर सांगितले, इथली मराठी शाळा सांगितली, नाट्यसंगीत सांगितले. आमच्या वाट्याला गोळ्या आल्या आहेत. न्यासाच्या औषध-साहाय्य खिडकीवर आम्ही तिघे बसतो. त्यांत एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी आहेत आणि दोघे औषधशास्त्राचे पदवीधर. आठवड्यातून दोन संध्याकाळी लोक बिले घेऊन येतात आणि न्यासाच्या नियमांत बसेल तेवढी मदत आम्ही देतो. गेल्या काही वर्षांत या बिलांवर एका जातीची गोळी वारंवार दिसू लागली, ती म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी. इथे बसलेल्या घरांपैकी फार थोडी घरे अशी असतील की जिथे फ्रीजवरच्या डब्यात ही गोळी नाही. म्हणून आज तिच्याविषयीच बोलण्याचे आम्ही ठरवले आहे.

आरंभ एका घराच्या हकिकतीने करतो. नाव सांगणार नाही. त्या घरच्या मंडळींनी हकिकत सांगण्यास आनंदाने परवानगी दिली आहे.

घरातले गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, वय ६६. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि स्टेंट बसवावा लागला. झटक्याच्या वेळी रक्तातले एल.डी.एल., म्हणजे ज्याला आपण सवयीने वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १४८ होते. रुग्णालयातून घरी सोडताना इतर औषधांबरोबर रोझुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम, रोज एक, अशी चिठ्ठी मिळाली. दोन महिन्यांनी तपासले तर एल.डी.एल. ६८ आले. सर्व ठीक चालले होते. फक्त ती एक गोळी नामांकित कंपनीची असल्यामुळे साधारण तीस रुपयांना पडत होती, म्हणजे महिन्याला नऊशे. निवृत्तिवेतन बेताचे आणि डब्यात अशा पाच गोळ्या.

मग एका लग्नात कोणीतरी सांगितले की, "अहो, जेनेरिक घ्या, तेच औषध पाचव्या भागात मिळते." सल्ला चुकीचा नव्हता. मुलगा जेनेरिक औषधांच्या दुकानात गेला. दुकानात त्या दिवशी रोझुव्हास्टॅटिन नव्हते. काउंटरवरच्या मुलाने अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० ची स्ट्रिप पुढे केली आणि म्हणाला, "हीही कोलेस्टेरॉलचीच, हीही वीसचीच." मुलाने घेतली. महिन्याचे बिल नऊशेवरून शंभराच्या आसपास आले. घरात समाधान पसरले. चार महिन्यांनी नेहमीची रक्ततपासणी झाली तेव्हा एल.डी.एल. ८६ निघाले.

आता घरात न्याय झाला तो असा : "जेनेरिक औषध हे असेच, पाणी असते." मास्तर पुन्हा नऊशे रुपयांच्या गोळीवर जाण्यास निघाले आणि मदतीसाठी खिडकीवर आले. दोन्ही स्ट्रिप, दोन्ही अहवाल त्यांनी नीट जपून आणले होते. मास्तरच ते. आम्ही स्ट्रिप उलटून पाहिल्या आणि त्यांना म्हणालो, "मास्तर, ही गोळी कमी जोराची नाही. ती जेवढे काम करायला हवी तेवढे तिने केले आहे. चूक 'वीस' या आकड्याने केली."

ही चूक इतकी सहज होते आणि इतक्या घरांत होते की ती नीट उलगडून सांगणे हेच आजच्या भाषणाचे मुख्य काम आम्ही समजतो.

स्वयंपाकघरातली गोष्ट घेऊ. आमटीत दोन ब्याडगी मिरच्या टाकणे आणि दोन लवंगी मिरच्या टाकणे यांत काय अंतर आहे ते इथल्या भगिनींना आम्ही सांगावे लागणार नाही. दोन्ही मिरच्याच, दोन्ही दोनच. पण एका वेळी घर जेवते आणि दुसऱ्या वेळी घर पाणी पिते. स्टॅटिनचे तसेच आहे. सर्व स्टॅटिन एकाच ठिकाणी काम करतात. आपले यकृत स्वतः कोलेस्टेरॉल तयार करते, आणि त्या कामातली एक महत्त्वाची पायरी ही औषधे अडवतात. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडू लागले की ते रक्तातले एल.डी.एल. ओढून घेते आणि रक्तातला आकडा उतरतो. काम एकच, पण दर मिलिग्रॅमला जोर निरनिराळा. त्यामुळे स्ट्रिपवरचा आकडा एका औषधाच्या आत तुलनेसाठी उपयोगी आहे, दोन औषधांमध्ये मुळीच नाही.

या जातीच्या औषधाचा उगम जपानचा. अकिरा एन्डो या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या आरंभी हजारो बुरश्या तपासून एका बुरशीतून पहिले स्टॅटिन मिळवले. बाजारात आलेले पहिले स्टॅटिन म्हणजे लोव्हास्टॅटिन. त्याला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. मग प्रॅव्हास्टॅटिन व सिम्व्हास्टॅटिन आली. ही आपण सौम्य म्हणू. पुढे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आले आणि २००३ मध्ये अमेरिकेत रोझुव्हास्टॅटिनला मान्यता मिळाली. ही दोन जोरकस. आपल्याकडच्या दुकानांत आज बहुतेक याच दोघांचे राज्य आहे.

२००३ सालीच स्टेलर नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात ही औषधे निरनिराळ्या मात्रांत शेजारी शेजारी ठेवून तपासली होती. त्यातले थोडेच आकडे सांगतो, वही काढण्याची गरज नाही. रोझुव्हास्टॅटिन १० ने एल.डी.एल. सरासरी ४६ टक्के उतरले, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० ने ३७ टक्के, सिम्व्हास्टॅटिन १० ने २८ टक्के आणि प्रॅव्हास्टॅटिन १० ने केवळ २० टक्के. चारही स्ट्रिपवर दहाच लिहिलेले, आणि फळ दुपटीहून अधिक तफावतीचे. रोझुव्हास्टॅटिन २० चे ५२ टक्के, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० चे ४३ टक्के, ४० चे ४८ टक्के.

आता मास्तरांचा हिशेब या आकड्यांनी करून पाहू. मूळ १४८. त्यातून ५२ टक्के वजा केले तर ७१ उरतात. त्यांचे प्रत्यक्षात ६८ आले होते. १४८ मधून ४३ टक्के वजा केले तर ८४ उरतात. त्यांचे ८६ आले. म्हणजे स्वस्त गोळीने आपले वचन जवळजवळ तंतोतंत पाळले होते. ती पाणी नव्हती. लवंगीच्या जागी तेवढ्याच ब्याडग्या टाकल्या होत्या, एवढेच.

यावर मास्तरांनी शिक्षकाला शोभेल असा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मग चाळीसची घेतली म्हणजे दुप्पट उतरेल ना?" नाही, आणि हे या औषधांचे दुसरे वैशिष्ट्य आहे. पहिल्या छोट्या मात्रेतच बहुतेक काम होऊन जाते. त्यापुढे मात्रा दुप्पट केली की मूळ आकड्याच्या साधारण सहा टक्के एवढीच जादा उतरण मिळते. वर सांगितलेले आकडेच पाहा : अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० चे ३७, २० चे ४३, ४० चे ४८. चौपट औषध घेऊन अकरा टक्क्यांची कमाई. रोझुव्हास्टॅटिनमध्ये २० चे ४० केले तर त्या अभ्यासात ५२ चे ५५ झाले. मास्तरांच्या बाबतीत ही तीन टक्क्यांची भर म्हणजे चारपाच अंक. शिवाय आशियाई शरीरात रोझुव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण युरोपीय माणसाच्या मानाने बरेच अधिक, काही अभ्यासांत सुमारे दुप्पट, आढळले आहे. म्हणून आपल्या लोकांत हे औषध ५ मिलिग्रॅमपासून सुरू करण्याची सूचना अमेरिकेतल्या माहितीपत्रकात आहे, आणि ४० च्या मात्रेपासून डॉक्टर दूर राहतात.

तर मग कोणाला जोरकस मात्रा आणि कोणाला सौम्य? ज्यांना एकदा झटका येऊन गेला आहे, स्टेंट किंवा बायपास झाली आहे, किंवा मेंदूची रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला आहे, त्यांचे एल.डी.एल. निम्म्यावर किंवा त्याखाली आणावे लागते. त्यासाठी अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० किंवा ८०, अथवा रोझुव्हास्टॅटिन २० लागते. अशा रुग्णाचा आकडा ७० च्या खाली, आणि आता बहुतेक हृदयरोगतज्ज्ञ ५५ च्या खाली मागतात. ज्यांना मधुमेह आहे पण हृदयाला काही झालेले नाही, अशा चाळिशीपुढच्या माणसांना पुष्कळदा मधली मात्रा पुरते. ती अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० किंवा २०, रोझुव्हास्टॅटिन ५ किंवा १०. प्रत्येकाची चिठ्ठी निराळी असण्याचे कारण हे आहे.

इथे एक कानगोष्ट. मास्तरांच्या सौभाग्यवतींना मधुमेह आहे आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० लिहून दिलेले आहे. त्यांची स्ट्रिप संपली की त्या मास्तरांच्या स्ट्रिपमधली एक घेत असत. "दोघांचे दुखणे एकच, डबा एकच," असे त्यांचे म्हणणे. आम्ही त्यांना विचारले, "वहिनी, चष्माही एकच वापरता का?" त्या हसल्या, पण तेव्हापासून दोन डबे झाले आहेत.

जोरकस दोघांत श्रेष्ठ कोण हा वाद दुकानात नेहमी चालतो. तो आता बराचसा मिटला आहे. दक्षिण कोरियात हृदयरोगाच्या ४,४०० रुग्णांवर लोडस्टार हा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना रोझुव्हास्टॅटिन, अर्ध्यांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, तीन वर्षे. मृत्यू, झटका, पक्षाघात आणि पुन्हा रक्तवाहिनी उघडावी लागणे, या चारही गोष्टी मिळून दोन्हीकडे सारख्याच निघाल्या. रोझुव्हास्टॅटिनवाल्यांचे एल.डी.एल. थोडे अधिक उतरले होते. उलट त्यांच्यात औषध लागेल असा नवा मधुमेह आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया किंचित अधिक होती. म्हणजे जोराची बरोबरी साधली तर दोन्ही गोळ्या एकाच मापाच्या आहेत. निवड मग दुसऱ्या गोष्टींवर ठरते. मूत्रपिंड फार क्षीण झाले असेल तर रोझुव्हास्टॅटिनची मात्रा आखडती ठेवावी लागते, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनला तशी अडचण नाही. उलट अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचे काही औषधांशी पटत नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे जंतुनाशक किंवा इट्राकोनॅझोल हे गजकर्णावरचे औषध त्याच वेळी चालू झाले तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन रक्तात साचत जाते आणि स्नायूंना त्रास होऊ शकतो. कातडीच्या डॉक्टरांकडे जाताना हृदयाच्या गोळ्यांची यादी कोणी नेत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता वेळेची गोष्ट. "कोलेस्टेरॉलची गोळी रात्रीच घ्यायची" हा नियम आपल्या घरांत इतका रुजला आहे की तो कोठून आला हे कोणी विचारत नाही. तो जुन्या, सौम्य स्टॅटिनांचा आहे. यकृत कोलेस्टेरॉल बनवण्याचे काम रात्री, पोट रिकामे असताना, अधिक करते. सिम्व्हास्टॅटिन, प्रॅव्हास्टॅटिन यांसारखी औषधे रक्तात फार थोडा वेळ टिकतात. दोनतीन तासांत त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते. सकाळी आठला घेतलेली गोळी रात्री चोर येण्याआधीच झोपी गेलेल्या पहारेकऱ्यासारखी. म्हणून ती संध्याकाळी किंवा झोपताना घ्यायची, आणि लोव्हास्टॅटिन तर रात्रीच्या जेवणाबरोबर, कारण अन्नाबरोबर ते अधिक शोषले जाते.

अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन रक्तात निम्मे होण्यास साधारण चौदा तास घेते, आणि शरीरात त्याचेच जे कार्यकारी अंश तयार होतात त्यांचा परिणाम वीस ते तीस तास राहतो. रोझुव्हास्टॅटिनला निम्मे होण्यास सुमारे एकोणीस तास लागतात. हे पहारेकरी दिवसरात्र जागे असतात. त्यांना सकाळी घ्या, दुपारी घ्या, रात्री घ्या. जेवणाआधी घ्या, नंतर घ्या. फक्त रोज एकाच वेळी घ्या, म्हणजे विसर पडणार नाही.

हे ऐकून आपण म्हणाल, मग रात्रीच चालू द्यावे, बिघडते काय? पुष्कळ घरांत काहीच बिघडत नाही. पण आमच्या खिडकीवर येणाऱ्या एक आजी आहेत. त्यांचे एल.डी.एल. कधी ७४, कधी ११० असे झोके घेत होते. डॉक्टरांनी मात्रा वाढवण्याचे मनात आणले होते. आम्ही त्यांना संपलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीतून आणायला सांगितले व गोळ्या मोजल्या. नव्वद दिवसांत एकतीस गोळ्या शिल्लक! आजींचे म्हणणे सरळ होते : मालिका पाहता पाहता खुर्चीतच डोळा लागतो, सून उठवून खोलीत पाठवते, गोळी राहते. औषध अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन होते. डॉक्टरांना विचारून ती गोळी सकाळी, रक्तदाबाच्या गोळीच्या शेजारी, चहाबरोबर ठेवली. मात्रा वाढवावी लागली नाही. ज्या आजींची गोळी सिम्व्हास्टॅटिन असेल त्यांना मात्र हा उपाय सांगता आला नसता, म्हणून आधी स्ट्रिपवरचे नाव वाचायचे.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत. त्याच दिवशी आठवले तर घ्यावी. दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी.

वेळेसंबंधी आणखी एकच. रोझुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी अ‍ॅल्युमिनियम व मॅग्नेशियमचे पित्तशामक, म्हणजे ते पांढरे पातळ औषध, गोळीबरोबर घेऊ नये. ते पोटात रोझुव्हास्टॅटिनचे शोषण निम्म्याच्या आसपास कमी करते. गोळीनंतर दोन तासांचे अंतर ठेवावे. सराफ्यात रात्री अकरापर्यंत फिरून, घरी येऊन एका हाताने कोलेस्टेरॉलची गोळी आणि दुसऱ्या हाताने पित्ताचे औषध घेणारे सभासद या सभागृहात आहेत. आम्ही कोणाकडे पाहत नाही.

राहिली किंमत. मास्तरांनी नऊशे रुपये मोजले ते कशाचे? पुष्कळांची समजूत अशी की नावाजलेल्या कंपनीची गोळी ही "मूळ" आणि जेनेरिक ही "नक्कल". आपल्या देशात ही समजूत बहुधा खरी नाही. २००५ पूर्वी आपल्या कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. त्यामुळे अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन व रोझुव्हास्टॅटिन या दोहोंची निर्मिती आपल्याकडच्या अनेक कंपन्या पूर्वीपासून करत आल्या. परदेशातल्या मूळ शोधकाची गोळी आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. आपल्या डब्यातली तीस रुपयांची गोळीही जेनेरिकच आहे. तिला एक नाव ठेवले आहे, आणि त्या नावाचा प्रचार करणाऱ्यांचा पगार, डॉक्टरांकडे खेपा घालणाऱ्या प्रतिनिधींचा प्रवास आणि विक्रीच्या साखळीतला वाटा तिच्या किमतीत आहे.

तरी "जेनेरिक" हा शब्द ऐकून डोळे मिटून पैसे देऊ नयेत. यात एक खोच आहे. काही कंपन्या नाव न गाजवता थेट दुकानदारांना माल विकतात. अशा स्ट्रिपवर छापील किंमत मोठी असते आणि दुकानदाराची खरेदी फार कमी. गिऱ्हाईकाला दुकानदार "वीस टक्के सूट" देतो, गिऱ्हाईक खूश होते, आणि उरलेले सारे गल्ल्यात राहते. म्हणून सूट किती मिळाली हे पाहू नका. दहा गोळ्यांना शेवटी खिशातून किती गेले ते पाहा. सरकारच्या जनऔषधी केंद्रांत, ज्यांची योजना २००८ पासून आहे, छापील किंमतच कमी असते आणि तीच द्यायची असते. तिथे दर भिंतीवरच्या यादीत पाहता येतो. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे त्याच्या कमाल किमतीवर सरकारी बंधनही आहे.

दुसरी खोच जोडगोळ्यांची. स्टॅटिन आणि अ‍ॅस्पिरिन, किंवा त्यांत क्लोपिडोग्रेलही, असे एकाच कॅप्सूलमध्ये मिळते. घ्यायला सोपे, हे खरे. पण दोन धोके आहेत. एक म्हणजे स्टॅटिनची मात्रा वाढवायची किंवा अ‍ॅस्पिरिन थांबवायचे झाले तर सगळेच बदलावे लागते. दुसरा अधिक वाईट : एका डॉक्टरांनी साधी स्टॅटिन गोळी दिलेली असते, दुसऱ्यांनी जोडगोळी, आणि रुग्ण दोन्ही घेतो. नावे वेगळी, रंग वेगळे, आतला माल एकच. आमच्या खिडकीवर गेल्या वर्षभरात अशी तीन माणसे सापडली. तिघांपैकी एकाच्या मांड्या महिनाभर दुखत होत्या आणि तो वाताचे तेल चोळत होता. डॉक्टरांकडे पाठवले, दुहेरी डोस बंद झाला, दुखणे गेले. स्नायू विनाकारण दुखू लागले, अशक्तपणा आला, किंवा लघवी काळसर झाली, तर तेल चोळत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पण दुखण्याची नुसती भीती वाटते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे हेही तितकेच वाईट, विशेषतः स्टेंटवाल्यांनी.

गोळी अर्धी करून पैसे वाचतात का, असेही विचारले जाते. पुष्कळदा वाचतात, कारण ४० ची गोळी २० च्या दुप्पट किमतीला नसते. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची साधी गोळी औषधाच्या कटरने कापता येते. सुरीने कापली तर चुरा होतो आणि दोन अर्धुके सारखी होत नाहीत. कॅप्सूल आणि जोडगोळी कापायची नाही. आणि हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "अर्धी" असे लिहून घेतल्याशिवाय करायचे नाही, नाहीतर पुढच्या तपासणीत ते चाळीस समजून हिशेब करतील.

स्वस्त गोळीच्या दर्जाविषयी शंका राहतेच, आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या देशात औषधे बनवणारे कारखाने पुष्कळ आहेत आणि सर्वांची शिस्त सारखी नाही. पण स्टॅटिनच्या बाबतीत आपल्या हाती एक सोय आहे जी तापाच्या किंवा झोपेच्या गोळीत नाही. तिचे काम आकड्यात मोजता येते. कंपनी बदलली, त्याच नावाचे, त्याच मिलिग्रॅमचे औषध रोज नेमाने घेतले, आणि सहा ते आठ आठवड्यांनी एल.डी.एल. तपासले, आकडा पूर्वीच्या आसपास असेल तर गोळी चांगली आहे. आकडा बराच वर गेला तर आधी गोळ्या मोजायच्या, मग स्ट्रिपवरचे नाव व मात्रा तपासायची, आणि हे दोन्ही बरोबर निघाले तरच कारखान्याला दोष द्यायचा. मास्तरांच्या घरी पहिल्या दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी घेतली होती.

मास्तरांचे पुढे असे झाले. आम्ही त्यांना त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे परत पाठवले; सोबत एका कागदावर दोन्ही गोळ्यांची नावे, मात्रा, तारखा आणि तीन अहवालांचे आकडे लिहून दिले. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० करावे की रोझुव्हास्टॅटिन २० कडे परतावे, हे दोन्ही मार्ग खुले होते. डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी पाहिली, ती चांगली होती, आणि जुने मानवलेले रोझुव्हास्टॅटिन २० च परत लिहिले. मात्र या वेळी कंपनीचे नाव न घालता औषधाचेच नाव मोठ्या अक्षरांत. मुलाने ते जेनेरिक दुकानातून आगाऊ सांगून मागवले. गोळी सुमारे पाच रुपयांना पडली, म्हणजे महिन्याला दीडशे. दोन महिन्यांनी एल.डी.एल. ६७ आले. तीस रुपयांच्या गोळीने ६८ आले होते.

५५ च्या खाली जायचे तर अजून बारा अंक हवे होते. मात्रा दुप्पट करून चारपाचच मिळाले असते, हे वर आलेच आहे. डॉक्टरांनी एझेटिमाइब १० मिलिग्रॅम ही निराळ्या जातीची गोळी जोडली. ती आतड्यातून शोषल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलला अडवते आणि स्टॅटिनने उरवलेल्या आकड्यातून साधारण पाचवा हिस्सा आणखी उतरवते. तीही जेनेरिकच घेतली. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च पूर्वीच्या नऊशेच्या निम्म्याहून कमी आहे, आणि गेल्या महिन्याच्या अहवालात एल.डी.एल. ५४ आहे. मास्तर आता स्ट्रिप विकत घेताना चष्मा लावून आधी नाव वाचतात, मग मात्रा, मग दहा गोळ्यांचे पैसे, आणि काउंटरवरच्या मुलाला तेवढा वेळ उभा ठेवतात.

खिडकी बुधवारी व शनिवारी संध्याकाळी पाच ते सातपर्यंत उघडी असते. येताना चिठ्ठी, शेवटचे दोन रक्त-अहवाल आणि घरातल्या सगळ्या स्ट्रिप, संपलेल्या धरून, पिशवीत घालून आणाव्यात. तरुण सुनांनी एक लक्षात ठेवावे : गर्भारपणाचा विचार असेल किंवा दिवस राहिले असतील तर या गोळ्यांविषयी डॉक्टरांना लगेच विचारायचे, सहसा त्या तेव्हा थांबवतात. ज्यांना प्रश्न विचारायचे आहेत त्यांच्यासाठी आम्ही तिघेही चहानंतर मागच्या खोलीत बसलो आहोत.